मुलगी शाळेत गप्प राहते म्हणून घरी इंग्रजी सुरू करायचं का?

"मुलगी ३ वर्षं १० महिन्यांची आहे. घरी सगळे मराठीच बोलतो, आजी सोबत असते. जूनपासून इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत जाते. घरी तोंडाची टकळी चालू असते, पण शाळेत पाच महिने झाले तरी शब्द काढत नाही, बोटाने दाखवते. मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, घरी इंग्लिशच बोला, नाहीतर मागे पडेल. तीन आठवडे आम्ही दोघं तिच्याशी इंग्लिश बोलतोय. आता ती 'मला ब्लूवाली बॉटल पाहिजे' असं मिक्स बोलते, आणि परवा मला म्हणाली, 'आई, तू नीट बोल ना.' दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होतोय का? स्पीच थेरपी लागेल का? (पुणे, कर्वेनगर)"

घरातलं इंग्रजी आजपासून बंद करा. शाळा तीच राहू द्या. थेरपीसाठी नाव नोंदवण्याआधी दोन-तीन दिवस एक काम करा: तिची मराठी नीट ऐका आणि लिहून घ्या. जेवताना किंवा आजीशी खेळताना फोनवर पंधरा-वीस मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा, तिला न सांगता. रात्री ती झोपली की तिची पन्नास वाक्यं जशीच्या तशी, चुकांसकट कागदावर उतरवा.

मी बावीस वर्षं पुण्यात मुलांच्या वाचा-भाषेचं काम करते. शाळेत गप्प राहणारं मूल समोर आलं की मी आधी त्याचं इंग्रजी तपासत नाही, घरची भाषा तपासते. भाषा शिकण्याच्या ताकदीतच कुठे उणं असेल, तर ते मूल बोलेल त्या प्रत्येक भाषेत दिसतं. एका भाषेत घडाघडा बोलणारं आणि दुसऱ्या भाषेत मुकं राहणारं मूल म्हणजे बहुतेक वेळा दुसरी भाषा अजून पुरेशी ऐकलीच नसलेलं मूल.

तर त्या पन्नास वाक्यांत काय बघायचं? चौथं वर्ष संपत आलेलं मराठी मूल चार-पाच शब्दांची वाक्यं सहज करतं. पण शब्द मोजण्यापेक्षा मला व्याकरणाचे सांधे जास्त सांगून जातात, आणि ते आपल्या रोजच्या ताटात सापडतात. "मी भात खाल्ला, पोळी खाल्ली, वरण खाल्लं." भात पुल्लिंगी, पोळी स्त्रीलिंगी, वरण नपुंसकलिंगी. बोलणारी एकच, पण क्रियापद दरवेळी पदार्थाप्रमाणे बदललं. इंग्रजीत हा प्रकारच नाही. तुमची मुलगी हे न शिकवता करत असेल, तर तिने भाषेतली एक अवघड गोष्ट नुसत्या कानांनी उचलली आहे. दुसरा सांधा सामान्यरूपाचा. डबा, पण "डब्यात". घोडा, पण "घोड्यावर". अधूनमधून "डबात" आलं तरी चालेल, पण "डब्यात" कधीच येत नसेल तर खूण करून ठेवा. तिसरी गोष्ट जोडवाक्यांची: "कारण", "म्हणून", "पण", "आणि मग". आणि चौथी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: समोर नसलेली गोष्ट ती सांगते का? "काल बागेत तो दादा पडला आणि त्याच्या गुडघ्याला रक्त आलं आणि मग त्याची आई रागावली." बागेत नसलेल्या माणसाला हे ऐकून काय झालं ते कळलं पाहिजे.

काही चुका तर मला हव्याच असतात. "मी करलं", "बाबा येले" असं मूल बोललं की पालक ओशाळतात. पण "करलं" हा शब्द तिने कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. बसली, पडली, हसली यांवरून तिने नियम काढला आणि तो करणे-येणे या आडमुठ्या क्रियापदांना लावून पाहिला. नियम काढता येतो याचा तो पुरावा आहे. "शाळा"ची "शाला" आणि "रिक्षा"ची "लिक्षा" होत असेल तरी या वयात मी काळजी करणार नाही. ळ आणि र उशिराच बसतात. (तुमची मुलगी आहे म्हणून हे घडणार नाही, पण आईच्या मागे मागे फिरणारे मुलगे "मी जाते, मी येते" म्हणतात आणि घरात हशा पिकतो. तेही आपोआप सुटतं.)

तुम्ही लिहिलेलं एक वाक्य मला आत्ताच पुरेसं बोलकं वाटतं. "आई, तू नीट बोल ना." तिला भाषा दोन आहेत हे कळतं, आईची भाषा कोणती हे कळतं आणि आई ती सोडून बोलतेय हेही कळतं. गोंधळलेलं मूल अशी तक्रार करत नाही.

"ब्लूवाली बॉटल"चंही तेच. वाक्य उलगडून बघा. "मला पाहिजे" हा सांगाडा पूर्ण मराठी. "बॉटल" शाळेतून आली, पण आल्या आल्या तिला बाटलीचं स्त्रीलिंग चिकटलं, म्हणून "वाली", "वाला" नाही. आणि तो "वाली" हिंदीतून आलाय, बहुधा सोसायटीच्या खाली खेळताना. म्हणजे तीन भाषांतलं सामान घेऊन तिने मराठी व्याकरणात बसणारं वाक्य केलं. गोंधळ झाला असता तर शब्दांचा क्रम, लिंग, प्रत्यय असं सगळंच विस्कटलं असतं. मुलांची सरमिसळ जवळजवळ नेहमी अशी नियमात असते, आणि ज्या वस्तूचं नाव ज्या ठिकाणी पहिल्यांदा ऐकलं त्या भाषेतलं नाव मूल घेतं. शिवाय "मीटिंग संपली की कॉल करते" म्हणणाऱ्या आपण मोठ्यांनी यावर फार बोलू नये.

आता शाळेतल्या गप्प बसण्याकडे येऊ. जरा हिशोब मांडा. नर्सरी रोज तीन तास, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १५ तास. जूनच्या मध्यापासून आतापर्यंत गणपती, दसरा, दिवाळी आणि पावसाळ्यातली सर्दी-तापाची रजा वजा केली तर धरून चालू वीस आठवडे. एकूण ३०० तास. त्यातही पंचवीस-तीस मुलांत एक टीचर, म्हणजे खास हिच्याशी, हिच्याकडे बघून बोललेली इंग्रजी रोजची काही मिनिटं. आणि शाळेत पाऊल टाकण्याआधी तिने मराठी किती ऐकली? दिवसाचे दहा तास जागेपणाचे धरले तर सव्वातीन वर्षांत सुमारे १२,००० तास. त्या १२,००० तासांतलं पहिलं वर्ष तर ती नुसती ऐकतच होती, एक शब्द न बोलता, आणि तेव्हा आपण कुणीही घाबरलो नव्हतो.

घरच्यापेक्षा वेगळ्या भाषेच्या शाळेत घातलेल्या लहान मुलांत हा मुका काळ पुष्कळदा दिसतो. सुरुवातीला मूल आपलीच भाषा वापरून बघतं. इथे ती चालत नाही असं लक्षात आलं की गप्प होतं आणि ऐकायला लागतं. काही आठवड्यांपासून साधारण सहा महिन्यांपर्यंत हे चालू शकतं, आणि मूल जितकं लहान तितकं ते लांबतं. मग अख्खी तयार वाक्यं बाहेर पडतात: "गुड मॉर्निंग टीचर", "आय ॲम डन", "नो, माइन". ती अजून सुट्या शब्दांनी बनवलेली नसतात, ऐकलेली तशी ठोकळ्यासारखी उचललेली असतात. त्यानंतर ठोकळे फुटतात आणि मूल स्वतःची, चुकीची, पण स्वतःची वाक्यं जोडू लागतं.

गप्प असताना ती शिकतेय की नाही हे कसं ओळखायचं? टीचरना विचारा: "सगळ्यांनी बॅग घ्या आणि लाइन करा" असं इंग्रजीत सांगितल्यावर ती इतरांकडे बघून उठते की स्वतः उठते? गाण्याच्या वेळी ओठ हलतात का? आणि घरी दार लोटून ती एकटी खेळत असेल तेव्हा बाहेर उभं राहून ऐका. माझ्याकडे आलेल्या अशाच एका चिमुरडीची आजी मला म्हणाली होती, "शाळेत म्हणे बोलत नाही, आणि इथे आमच्या उशा-लोडांची रोज शाळा भरते. सिट डाऊन, फिंगर ऑन युवर लिप्स, आणि एका लोडाला तर रोज शिक्षा." तिथे टीचरचा आवाज, चढउतार, हातवारे सगळं तंतोतंत. अशा उशांच्या शाळा मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की हा प्रश्न मी आता ठरवून विचारते.

मात्र एक चौकशी तुम्ही शाळेत जाऊन करायलाच हवी, आणि ती टीचरकडे नाही, मावशींकडे. डबा उघडून देणाऱ्या, शू करायला नेणाऱ्या मावशींशी ती मराठीत बोलते का? खेळायला सोडल्यावर मराठी बोलणाऱ्या मैत्रिणीशी कुजबुजते का? गेटपाशी तुम्ही दिसलात की लगेच बोलू लागते का? यातलं काहीही होत असेल तर अडचण फक्त नव्या भाषेची आहे. पण शाळेच्या आवारात ती मराठीतही कुणाशीच बोलत नसेल, अंग ताठ, चेहरा कोरा, शू लागली तरी सांगणार नाही, तर ते वेगळं. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो भाषेचा नसून चिंतेचा प्रकार आहे. शाळेचा पहिला महिना सोडून देऊन त्यापुढे महिनाभराहून जास्त असं चालू असेल आणि मूल त्या ठिकाणी आपल्या भाषेतही गप्प असेल, तर थांबून न राहता दाखवावं, बालमानसतज्ज्ञ आणि आमच्यासारखे दोघं मिळून बघतात. घरी इंग्रजी वाढवून हा प्रकार सुटत नाही. "बोल ना, बोल ना" केल्याने तर तो घट्ट होतो.

घरी इंग्रजी नको असं मी इतकं ठासून का म्हणते, ते माझ्या खोलीतल्या एका प्रसंगावरून सांगते. चार वर्षांचा मुलगा, बाबा आयटीत, ऑफिसात दिवसभर उत्तम इंग्रजी बोलणारे. मी दोघांना भातुकली दिली आणि सांगितलं, दहा मिनिटं इंग्रजीत खेळा, मग दहा मिनिटं मराठीत. मी कोपऱ्यात कागद घेऊन बसले. इंग्रजीच्या दहा मिनिटांत बाबांच्या तोंडून मुख्यतः प्रश्न आले, तेही परीक्षेतले: हे काय आहे, कोणता रंग, किती आहेत, व्हेरी गुड. मुलाची उत्तरं "रेड", "थ्री", "यस". सातव्या मिनिटाला तो गाडीकडे वळला. मग मराठी सुरू झाली. बाबा खोटा चहा पिऊन म्हणाले, "अरे, यात साखरच नाही टाकलीस की काय!" मुलगा म्हणाला, "साखर संपली. दुकान बंद आहे. तो काका गावाला गेलाय, म्हणून तुम्ही असाच प्या." बाबा म्हणाले, "मग गूळ बघ ना." आणि तिथून दोघं गुळाच्या शोधात टेबलाखाली गेले ते दहा मिनिटं संपली तरी वर आले नाहीत.

बाबांचं इंग्रजी कच्चं नव्हतं. पण ते मीटिंगचं, मेलचं इंग्रजी होतं. लटकं रागावणं, थट्टा, बहाणे, चिडवणं, समजूत घालणं हे त्यांचं सगळं मराठीत होतं, आणि मुलाची भाषा नेमकी त्यावर वाढते. ज्या भाषेत आपण मुलाशी भांडू शकत नाही, त्या भाषेत आपण त्याला फक्त हुकूम सोडतो आणि प्रश्न विचारतो. तुमच्या घरात तीन आठवड्यांत हेच झालं असणार. फार तर कालच्या संध्याकाळचा विचार करा, तिच्याशी किती वाक्यं बोललात आणि त्यातली "कम फास्ट", "फिनिश इट" किती होती. आणि आजीचं काय? घरात इंग्रजीचा नियम लागला की सगळ्यात जास्त वेळ देणारी आणि सगळ्यात जास्त गोष्टी सांगणारी व्यक्ती त्या खेळातून बाद होते.

शिवाय मराठीत मिळवलेलं वाया जात नाही. "जड-हलकं", "अर्धं", "उरलेलं", "आधी-नंतर" या कल्पना तिच्या डोक्यात मराठीने एकदा बसवल्या की शाळेत तिला फक्त नवीन नाव शिकायचं असतं. कल्पना आणि शब्द दोन्ही एकाच वेळी नव्या भाषेत शिकणं कितीतरी जड. आजीची मराठी "गावाकडची" आहे, ती "पानी" म्हणते, अशी शंका मनात असेल तर तीही काढून टाका. पुण्यात ही शंका मला महिन्यातून एकदा तरी ऐकावी लागते, बहुधा आजी बाहेरच्या खोलीत बसलेली असताना, आणि दरवेळी मला तितकाच राग येतो. मुलाला "पाणी" शाळेत आणि पुस्तकात मिळेलच. आजीच्या गोष्टी दुसरीकडे मिळणार नाहीत.

इंग्रजी कार्टून लावून ही भरपाई होईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न बहुतेक तोच असतो. पॅट्रिशिया कूल यांचा २००३मधला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी बारा वेळा एक माणूस समोर बसून चिनी बोलला, तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली. तेच बोलणं पडद्यावर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. तुमची मुलगी बाळ नाही, ती कार्टूनमधून शब्द उचलेल. पण "ट्रँगल" आणि "पर्पल" म्हणणारं आणि तहान लागल्यावर पाणी मागता न येणारं मूल मी नेहमी बघते.

आता माझी एक चूक. नवीन असताना, पहिली तीन-चार वर्षं, मीही पालकांना "एकच भाषा ठेवा, शाळेचीच ठेवा" असं सांगत होते. तेव्हा तो सल्ला सर्रास दिला जायचा. अशाच एका मुलाला मी सव्वातीन वर्षांचा असताना घरी इंग्रजीचा सल्ला दिला. आईबाबांनी तो मनापासून पाळला. एका वर्षाने ते परत आले. मुलगा मराठीत "पाणी दे", "गाडी पडली" असं दोन शब्दांत बोलत होता आणि इंग्रजीत त्याहून कमी. वर्षभर सगळ्यांनी, माझ्यासकट, म्हटलं होतं, "इंग्रजी नवीन आहे, येईल हळूहळू." पण त्याची मराठीही तिथेच अडली आहे हे कुणाला दिसलं नाही, कारण घरात मराठी कुणी बोलतच नव्हतं. मोजायची पट्टीच मी काढून घेतली होती.

आई बोलता बोलता म्हणाली की तो तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, आणि मागून हाक मारली तर बघत नाही, "नाटकी आहे." कान तपासले. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं, पडद्याची हालचाल मोजणाऱ्या टिंपॅनोमेट्री चाचणीचा आलेख सपाट, ऐकणं साधारण ३५ डेसिबलने कमी. एवढं कमी ऐकू येणारं मूल बहिरं वाटत नाही. मोठ्याने बोललेलं त्याला ऐकू येतं. पण शब्दांची शेपटं, म्हणजे मराठीत जिथे ला, ने, त, ली, लं बसतात, तीच नेमकी निसटतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तीन महिने वाट पाहिली, कारण हे पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं. त्याचं ओसरलं नाही, मग पडद्यात बारीक नळ्या, ग्रॉमेट, बसवल्या. पुढे आठ महिने आठवड्यातून दोनदा माझ्याकडे, सगळं काम मराठीत. शाळा इंग्रजी होती ती तशीच ठेवली. चार-पाच शब्दांची वाक्यं पाच महिन्यांत आली, गोष्ट सांगायला त्याहून वेळ लागला. त्यानंतर मी कुणालाही घरची भाषा सोडायला सांगितलेली नाही.

म्हणून तुम्हालाही सांगते, रेकॉर्डिंग कसंही निघो, एकदा कान तपासून घ्या. सर्दी वारंवार होत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, तर नक्कीच. चाचणीला काही दुखत नाही आणि अर्धा-पाऊण तास पुरतो.

कान ठीक असूनही काही मुलांना भाषा जात्याच अवघड जाते. त्याला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात आणि तो शंभरात सुमारे सात मुलांत सापडतो, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघं. एक भाषा बोलणाऱ्या घरांतही तो तितकाच असतो. दोन भाषांनी तो होत नाही आणि एक भाषा काढून घेतल्याने जात नाही. तुमच्या पन्नास वाक्यांत बहुतेक दोन-तीन शब्दांचीच असतील, भात-पोळी-वरणाचं क्रियापद बदलतच नसेल, काल काय झालं ते सांगता येत नसेल, किंवा परक्या माणसाला तिचं निम्मं बोलणं कळत नसेल, तर या. आधी येत असलेले शब्द गेले असतील तर वाक्यंबिक्यं लिहीत बसू नका, लगेच या.

दुसऱ्या कुणाकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का बघा आणि फोनवरच विचारा, "तपासणी मराठीत करणार ना?" इंग्रजी मुलांवर बेतलेली चित्रांची चाचणी तिला इंग्रजीत देऊन "दीड वर्ष मागे आहे" असा आकडा काढणं सोपं आहे, पण तो आकडा ३०० तासांचा असतो, मुलीचा नसतो. मी अशा वेळी दोन गोष्टी करते. "टिमुडा", "पकोनिरा" असे कुठल्याच भाषेत नसलेले शब्द मागून म्हणायला लावते. हे शब्द कुणीच आधी ऐकलेले नसल्याने घरची भाषा कोणती याचा फरक त्यात बराच कमी पडतो. आणि झारा, रोवळी, मुसळ अशा फ्लॅटमधल्या मुलांना सहसा माहीत नसलेल्या वस्तू काढून खेळता खेळता नावं शिकवते, वीस मिनिटांनी पुन्हा विचारते. तिला आज किती येतं यापेक्षा नवीन शब्द तिच्यात किती पटकन रुजतो, ते मला हवं असतं.

शाळेशी वाद घालू नका. मॅडमना तिचं भलंच हवंय, त्यांना फक्त चुकीचा उपाय ठाऊक आहे. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा. एक, सगळ्यांसमोर "से इट" असा आग्रह नको. तिने बोट दाखवलं की टीचरनी तो शब्द स्वतः म्हणावा, "ओह, यू वाँट द रेड क्रेयॉन", आणि क्रेयॉन देऊन पुढे जावं. दोन, मराठी बोलणाऱ्या एखाद्या बडबड्या मुलीशेजारी तिला बसवावं. आणि तुम्ही घरी तिला चार ठोकळे द्या: टॉयलेटला जायचंय, पाणी हवंय, दुखतंय, मदत करा. हे चारही इंग्रजीत, तेही उशांच्या शाळेत, जिथे टीचर ती असेल आणि बाबा शू आलेला विद्यार्थी. नर्सरीत गप्प मुलांचं रडू पुष्कळदा याच एका वाक्यावाचून येतं. रात्री एखादं इंग्रजी चित्रपुस्तक बाबांनी वाचलं तर चालेल, आणि चित्रांवरच्या गप्पा मराठीत झाल्या तर फारच छान.

इंग्रजी किती दिवसांत येईल याचा अंदाज हवा असेल तर खेळातलं, डब्यातलं बोलणं साधारण एक-दोन वर्षांत येतं. धडा वाचून समजून घेण्याची, उत्तर लिहिण्याची पुस्तकी भाषा मुलांना समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे नर्सरीच्या डिसेंबरात कुणी "मागे पडेल" म्हणालं तर कशाच्या मागे, ते विचारा.

मार्चअखेरपर्यंत वर्गात एकही ठोकळा बाहेर पडला नाही, तर मराठी उत्तम असली तरी मला दाखवा. येताना ते रेकॉर्डिंग आणा, तो पन्नास वाक्यांचा कागद आणा, आणि जमलं तर आजीलाही आणा. आणि मुलीला रिक्षात "तिथे मॅडमशी इंग्लिशमध्ये बोलायचं हं" असं मात्र बजावू नका.